गादी मऊ आहे, पण तिच्या मागे काय आहे?

पहिलं हेल्मेट घ्यायला आलेला माणूस दुकानात सहसा दोन गोष्टी करतो. बाहेरून टिचकी मारतो आणि आत हात घालून गादी दाबून बघतो. गादी मऊ लागली की हेल्मेट चांगलं, असं तो धरून चालतो. मात्र ही मऊ गादी, म्हणजे कापडाखालचा स्पंज, हेल्मेट डोक्यावर नीट बसावं म्हणून असते. आपटल्यावर ती क्षणात चपटी होते आणि धक्का तसाच पुढे जाऊ देते. डोकं वाचतं ते तिच्या मागच्या कडक थरामुळे, आणि तो थर बहुतेक गिऱ्हाईक बघतच नाहीत.

हा थर ईपीएसचा, म्हणजे एक्स्पांडेड पॉलिस्टायरीनचा असतो. पॅकिंगचा थर्माकोल त्याच जातीचा, पण हेल्मेटमधला बराच दाट आणि घट्ट असतो. त्याचं काम एका साध्या हिशेबातून कळतं. गाडीवरून पडताना डोकं साधारण दीड मीटर उंचीवरून रस्त्यावर आलं असं धरू. आपटण्याच्या क्षणी त्याचा वेग ताशी एकोणीस-वीस किलोमीटर असतो. हा वेग किती अंतरात शून्यावर येतो, यावर सगळं ठरतं. उंचीला थांबायच्या अंतराने भागलं की धक्का डोक्याच्या वजनाच्या सरासरी किती पट बसला ते कळतं. मध्ये फक्त चपटा झालेला स्पंज असेल आणि डोकं तीन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर हा आकडा 500 येतो. ईपीएस चिरडत गेला आणि डोक्याला थांबायला 25 मिलिमीटर मिळाले, तर तो 60 वर येतो. डोक्याचं वजन पाच किलो धरलं, तर पहिल्या वेळी अडीच टनांचा भार आणि दुसऱ्या वेळी तीनशे किलोंचा. प्रत्यक्षात धक्क्याचा शेंडा या सरासरीच्या वर जातो, पण दोन्हींतला फरक तेवढाच मोठा राहतो.

म्हणून दुकानात पहिलं काम गादी उचलण्याचं. चांगल्या हेल्मेटची अस्तरं बटणांनी किंवा वेल्क्रोने लावलेली असतात आणि सहज निघतात. गालाचे पॅड आणि डोक्यावरचं अस्तर काढा आणि आतला थर पूर्ण बघा. कपाळापासून माथ्यावरून मागच्या बाजूपर्यंत आणि दोन्ही कानशिलांवर तो अखंड हवा, जाडी दोन-अडीच सेंटिमीटरच्या आसपास हवी. रंग पांढरा, करडा की काळा, याने काही फरक पडत नाही. अंगठ्याने दाबलं तर तो सहज खचू नये आणि नखाने खरवडल्यावर दाणे सुटू नयेत. दाणे सुटले तर आत पॅकिंगचा थर्माकोल भरलाय असं समजा. तो इतका हलका असतो की पहिल्याच झटक्यात पूर्ण दबतो आणि डोकं थेट कवचावर आदळतं. उलट फार कडक थरही कामाचा नाही, कारण तो चिरडतच नाही. म्हणूनच काही कंपन्या माथ्यावर आणि बाजूंना वेगवेगळ्या घनतेचा ईपीएस वापरतात.

फुल फेस हेल्मेट घेत असाल तर हनुवटीच्या पट्टीतही बोट घालून बघा. बाहेरून भक्कम दिसणाऱ्या अनेक स्वस्त हेल्मेटमध्ये तिथे नुसतं प्लास्टिक आणि त्यावर स्पंजची पातळ पट्टी असते. तोंडावर पडल्यावर मार तिथेच बसतो, त्यामुळे तिथे ईपीएस नसेल तर मी ते हेल्मेट परत ठेवून देईन. अस्तर चिकटवलेलं असेल आणि काही बघताच येत नसेल, तर दुसरा नग दाखवायला सांगा.

आता बाहेरचं कवच. त्याचं काम म्हणजे दगडाच्या टोकाचा किंवा दुभाजकाच्या कडेचा मार एका ठिकाणी न राहू देता मोठ्या भागावर पसरवणं, टोकदार वस्तू आत घुसू न देणं आणि रस्त्यावर घसरत जाणं. बाजारातली बहुतेक हेल्मेट एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असतात. नीट बनवलेलं प्लास्टिक कवच पहिल्या हेल्मेटसाठी पुरेसं आहे. फायबरग्लासचे थर मार बसल्यावर फाटत, सुटत धक्क्याचा काही भाग स्वतः खर्च करतात. कार्बन फायबरमध्ये मुख्य फायदा कमी वजनाचा असतो, आणि किंमत मोठी. मात्र कार्बनसारखी जाळी दिसली म्हणून ते कार्बनच असेल असं नाही. ती प्लास्टिकवरची नुसती छपाईही असू शकते. पॅड काढल्यावर कडेला कवचाची आतली बाजू दिसते. तिथे धाग्यांची वीण नसेल आणि वजनही इतरांइतकंच भरत असेल, तर जादा पैसे फक्त नक्षीचे आहेत. कवच किती भक्कम आहे याचा अंदाज घ्यायला खालच्या कडा दोन्ही तळव्यांनी आत दाबा. किंचित लवचिकता चालते, पण कवच करकरत आत जात असेल तर ते पातळ आहे.

साइजच्या बाबतीत मात्र गादी तुम्हाला फसवू शकते. कवचाचा प्रत्येक साचा महाग असतो, म्हणून काही कंपन्या एकाच मापाचं कवच आणि एकाच मापाचा ईपीएस बनवतात आणि स्पंज कमी-जास्त जाड करून त्यालाच एम, एल, एक्सएल म्हणतात. भुवयांच्या वरून टेपने मोजल्यावर तुमचं डोकं 56 सेंटिमीटर भरलं असं समजा. असल्या कंपनीचं एम घातलं तर जाड स्पंजमुळे ते सुरुवातीला छान घट्ट बसतं. काही महिन्यांत स्पंज बसतो, हेल्मेट सैल होतं आणि पडताना डोकं आतल्या आत सरकतं. हे ओळखायला एम आणि एक्सएल शेजारी ठेवा आणि दोन्हींची गादी काढून आतली पोकळी टेपने मोजा. पोकळी सारखीच निघाली तर फरक फक्त स्पंजचा आहे.

नवं हेल्मेट गाल किंचित दाबणारंच हवं. बक्कल लावून हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवा. गालाची आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. मागची कड धरून पुढे ओढलं तर ते डोक्यावरून निघता कामा नये. पंधरा-वीस मिनिटं घालून दुकानातच थांबा. गाल दाबले गेले तर हरकत नाही, पण कपाळावर एकाच जागी दुखलं तर त्याचा आतला आकार तुमच्या डोक्याचा नाही, आणि तिथला ईपीएस काही सैलावणार नाही.

1 जून 2021 पासून देशात आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीची हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ती मिळतात, आणि बनावट शिक्केही असतात. खऱ्या चिन्हाच्या वर IS 4151 आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो BIS Care या ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आहे ते दिसतं. तिथलं नाव हेल्मेटवरच्या नावाशी जुळतंय का, ते बघा.

घरी आणल्यावर कवचाला पेट्रोल किंवा थिनर लावू नका. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक, न दिसणाऱ्या भेगा पडतात, आणि ईपीएसला पेट्रोल लागलं तर तो विरघळतो. आपल्याकडे डोक्याचं तेल आणि घाम गादीत मुरतो, पावसाळ्यात तिला कुबट वास येतो. ती काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा.

आणि डोक्यावर असताना हेल्मेट एकदा जोरात आपटलं, तर ते बदला. प्लास्टिकचं कवच दबून पुन्हा जागेवर येतं, त्यामुळे बाहेरून एखादाच ओरखडा दिसतो. आतला ईपीएस मात्र चिरडलेल्या जागी चिरडलेलाच राहतो, आणि पुढच्या वेळी डोक्याला थांबायला तेवढं अंतर तिथे उरलेलं नसतं.