गच्चीवरच्या सोलरचा धंदा : पैसा अडकतो कुठे?

कराडसारख्या गावात गच्चीवर सोलर बसवून देण्याची कंपनी काढायची म्हटली, की बहुतेक जण पॅनलचे भाव आणि नफ्याची टक्केवारी मांडतात. पण नफा कागदावर दिसत असूनही खात्यात पैसे नाहीत, अशी वेळ या धंद्यात लवकर येते. त्याचे कारण अनुदान आणि कर्ज यांच्या वाटेत आहे, म्हणून योजनेची सुरुवात तिथूनच करावी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या २ किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार रुपये मिळतात. म्हणजे ३ किलोवॅटला ७८ हजार, आणि त्यापुढे कितीही मोठा प्रकल्प घेतला तरी तेवढेच. हे पैसे काम पूर्ण होऊन, महावितरणची तपासणी होऊन आणि नेट मीटर बसल्यानंतर थेट ग्राहकाच्या खात्यात जमा होतात. त्यामुळे "अनुदान वजा करून उरलेलेच द्या" असे सांगून काम घेणारा व्हेंडर ग्राहकाला स्वतःच्या खिशातून ७८ हजार उसने देत असतो. नवख्या कंपनीने हे करू नये.

एक घर घेऊ. महिन्याला साधारण ३०० युनिट लागतात आणि ३ किलोवॅटचे कोटेशन १ लाख ९० हजारांचे आहे. गच्चीवर सुमारे ३०० चौरस फूट सावली नसलेली जागा हवी. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतो, पावसाळ्यात बरेच कमी. नेट मीटरमुळे उन्हाळ्यातले जादा युनिट पुढच्या बिलांत वळते होतात. स्थिर आकार भरावाच लागतो, म्हणून "बिल शून्य" असे कधीच सांगू नये. बचत हात राखून महिना अडीच हजार धरू. अनुदान वजा जाता ग्राहकाचे १ लाख १२ हजार लागतात आणि ते पावणेचार वर्षांत वसूल होतात. अनुदान मिळालेच नाही, तर सव्वासहा वर्षे लागतात. योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंतची आहे, त्यामुळे हा दुसरा हिशेबही कंपनीने मांडून ठेवला पाहिजे. महिन्याला शंभर युनिटच जाळणाऱ्या घराचा दर कमी असतो आणि वसुली लांबते. अशा ग्राहकाला ३ किलोवॅट विकणे म्हणजे त्याची फसवणूकच.

कर्ज घेणाऱ्याचे चित्रही वाईट नाही. ३ किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पाला या योजनेत २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. ग्राहकाने १९ हजार भरले आणि १ लाख ७१ हजार दहा वर्षांसाठी साडेसहा टक्क्यांनी घेतले, तर हप्ता १,९५० रुपयांच्या आत बसतो. अनुदान आल्यावर ते कर्जात भरले, तर उरलेल्या ९३ हजारांना साडेदहाशेच्या आसपास हप्ता पुरतो. वाचणाऱ्या लाईट बिलातून तो भरून वर पैसे उरतात.

आता कंपनीची बाजू. पॅनल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, केबल, अर्थिंग आणि मजुरी मिळून एका कामाला १ लाख ६५ हजार धरले, तर २५ हजार उरतात. पाच वर्षांची देखभाल व्हेंडरच्याच गळ्यात असते, तिच्यासाठी ३ हजार बाजूला ठेवावेत. पगार, भाडे, गाडी मिळून महिन्याचा खर्च सव्वा लाख असेल, तर निदान सहा कामे हवीत. समजा आठ मिळाली. कर्जाच्या कामात ग्राहकाचे १९ हजारच हातात असतात. बँकेची रक्कम काम उभे राहून कागद पुरे झाल्यावर आली आणि त्यात सहा आठवडे गेले, तर एका वेळी बारा कामांचे साडेसतरा लाख गुंतून राहतात. याची सोय नसेल, तर चांगल्या मागणीतही कंपनी बुडते.

विलंब बहुधा कागदांमुळेच होतो. मीटर आजोबांच्या नावावर आणि अर्ज नातवाच्या नावाने, हे तर नेहमीचेच. भारतीय सेलपासून बनलेले पॅनल नसले, तर अनुदानच मिळत नाही. म्हणून ॲडव्हान्स घेण्याआधी लाईट बिल, आधार आणि बँक पासबुकावरची नावे जुळवावीत. शेजारच्या टाकीची सावली सकाळी आणि दुपारी जाऊन पाहावी. वीज गेली की बॅटरी नसलेले साधे सोलरही बंद पडते, हे ग्राहकाला तेव्हाच सांगावे. इन्व्हर्टर वायरमनच्या सुरक्षेसाठी स्वतःहून थांबतो.

कंपनी काढणाऱ्यांनी पहिल्या वर्षी निम्मी तरी कामे रोखीने पैसे देणाऱ्यांची घ्यावीत आणि वर्षभराची बिले पाहिल्याशिवाय कोणालाही कोटेशन देऊ नये.