स्क्रू फिरवण्याआधी पत्र

चिपळूणजवळ गाडी धडकली आणि कंपनीच्या यादीतलं गॅरेज लांब असलं, तर ओळखीच्या गॅरेजात काम करून घेता येतं. फक्त तिथे कॅशलेस नसतं. बिल आधी आपण भरायचं, मग दावा करायचा. म्हणून गाडी खोलण्यापूर्वीच कंपनीला परवानगीचं पत्र पाठवावं.

पत्रात पॉलिसी व दावा क्रमांक, अपघाताची तारीख, गॅरेजचा पत्ता आणि ते निवडण्याचं कारण लिहावं. शेवटी स्पष्ट मागणी: ‘सर्व्हेअरने पाहणी करून अंदाजपत्रक लेखी मंजूर करावं, तोवर काम सुरू होणार नाही.’

अंदाजपत्रकात ‘पुढचं काम, 28,000’ असं मोघम नको. बंपर, रेडिएटर, मजुरी, रंगकाम वेगवेगळं हवं, कारण घसारा भागानुसार कापला जातो. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या बंपरवर तो 50 टक्के असतो. एका फोटोत नंबरप्लेटसह मोडका भाग दिसायलाच हवा.

बंपर काढल्यावर आतला सपोर्ट वाकलेला निघाला, तर काम थांबवून पुरवणी अंदाजपत्रक पाठवावं. बदललेले भाग सर्व्हेअरने पाहीपर्यंत टाकू नयेत.