नव्या वर्गशिक्षकांचे स्वागत

वर्गाच्या वतीने स्वागतपर भाषण करावयाचे म्हणजे स्वतःचे नव्हे, सर्वांचे मनोगत मांडावयाचे. म्हणून आम्ही प्रथम वर्गबंधुभगिनींस विचारून घेतले. संबोधन आधी मुख्याध्यापकांस, मग नव्या गुरुजींस व शेवटी वर्गास करावे. ज्यांचे अध्यापन अद्याप अनुभवले नाही, त्यांची स्तुती पोकळ ठरते. आणि पूर्वीच्या गुरुजींशी तुलना केल्यास दोघांनाही अवघडल्यासारखे होते. वर्गाची खरी ओळख, एक विनंती व एक वचन एवढे पुरे. आमच्या बेळगावच्या वर्गासाठी रचलेले भाषण असे :

“आदरणीय मुख्याध्यापक महोदय, पूज्य गुरुजी आणि वर्गमित्रहो,

या वर्गाच्या वतीने आम्ही गुरुजींचे सविनय स्वागत करतो. आमच्यापैकी काहींच्या घरी मराठी, तर काहींच्या घरी कोंकणी वा कन्नड बोलतात; त्यामुळे शुद्धलेखनात आम्ही अडखळतो. शंका विचारण्यास काहीजण संकोचतात. त्यांना आपण स्वतःहून विचारावे, ही विनंती. आम्ही वह्या वेळेवर देऊ, हे आमचे वचन. नमस्कार.”

भाषण मिनिटभरात संपते. त्यातील विनंती संकोची मुलांनीच सुचविली. म्हणून त्यांची नावे मात्र आम्ही घेतली नाहीत.