पायावरची सरकणारी रेघ

घराच्या बांधकामासाठी आणलेल्या वाळूच्या ढिगावर आपली मुले अनवाणी खेळतात आणि रात्री मांजरे तिथेच घाण करतात. त्या घाणीत अंकुशकृमीची अंडी असली, तर ओलसर, उबदार वाळूत त्यांतून अळ्या निघतात आणि तळव्याच्या कातडीत शिरतात.

आधी लाल पुटकुळी येते. काही दिवसांत तिथून दोरा ठेवल्यासारखी, २-३ मिलिमीटर रुंद, नागमोडी रेघ निघते. खाज रात्री झोपू देत नाही. आपण गजकर्ण समजून मलम लावत बसतो. पण गजकर्ण गोल पसरते, ही रेघ पुढे सरकते. रेघेच्या टोकाशी पेनाने खूण करावी. एक-दोन दिवसांत रेघ खुणेपुढे गेली, तर आत अळी आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

टोकाला चटका देऊ नये; अळी दिसणाऱ्या टोकाच्या पुढे गेलेली असते. माणसाच्या कातडीतून ती सहसा खोल जाऊ शकत नाही आणि काही आठवडे-महिन्यांत मरते. डॉक्टरांनी दिलेल्या आयव्हरमेक्टिन किंवा अल्बेंडाझोलने मात्र खाज लवकर थांबते. वाळूचा ढीग रोज ताडपत्रीने झाकला, तर ही वेळच येत नाही.