सहावी ओळ

आमच्या कुटुंबाचं भिंतीवरचं कॅलेंडर २०२५ साली पहिल्यांदा बाहेरून करून आलं. पुतणीनं हौसेनं ऑनलाइन मागवलं. फोटो चढवले, वाढदिवसांची यादी चढवली, आठवड्यात घरपोच. कागद जाड, छपाई स्वच्छ. पण ऑगस्टच्या पानावर ३१ तारखेला स्वतःची जागाच नव्हती. २४ च्या चौकोनात तिरकी रेघ मारून खालच्या कोपऱ्यात ती बसवली होती. त्या रविवारी गौरींचं आवाहन होतं. चौकोनात २४ तारखेचा एक वाढदिवस छापलेला आणि गौरींचा पत्ताच नाही. ऑक्टोबरात तर ‘दिवाळी’ हा एकच शब्द, तोही २० तारखेवर. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ ला झालं. वसुबारस, धनत्रयोदशी, पाडवा, भाऊबीज यांतलं काहीच नाही. विचारणा केली तेव्हा उत्तर आलं की एका चौकोनात एकच नोंद बसते. मला ते फार लागलं, कारण एका चौकोनात किती बसतं हे ठरवण्यात माझी उमेदीची दहा वर्षं गेली आहेत.

त्याआधीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मोठे काका ड्रॉइंगच्या कागदावर पट्टीनं रेघा मारायचे आणि घरातले सगळे त्यात लाल-निळ्या शाईनं लिहायचे. शेजारच्या खिळ्याला ‘कालनिर्णय’ असायचंच. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केलं आणि तिथीसाठी भटजींना विचारायला जाणं घरोघरी थांबलं. मग घरचं कॅलेंडर कशाला हवं, असं विचारणारे आमच्याकडेही होते. पण आत्याचा वाढदिवस, आजोबांची तिथी, काकूंच्या माहेरचं बोडण हे सगळं छापील कॅलेंडरात नसतं, आणि पेनानं लिहिलेलं एकाच घराच्या भिंतीवर राहतं. आमची घरं तोवर पुणे, सांगली, डोंबिवली आणि बडोदा अशी विखुरली होती.

१९९७ ते २००६ या काळात मी डीटीपीचं काम करायची. रात्री दुकानदाराच्या परवानगीनं त्याच मशीनवर घरचं कॅलेंडर लावायची. पेजमेकरमध्ये ए-फोर मापावर पान लावायचं, लेझर प्रिंट काढायची आणि ती झेरॉक्सवर १४१ टक्क्यांवर वाढवून ए-थ्री करायची. आठ पॉइंटात लावलेलं अक्षर भिंतीवर अकरा पॉइंटांचं दिसतं, हे डोक्यात ठेवूनच सगळं करावं लागे.

खरं काम पानाचं नव्हतं, यादीचं होतं. दिवाळी झाली की सगळ्या घरांकडून याद्या यायच्या. कुणी पोस्टकार्डावर, कुणी फोनवर सांगितलेल्या. त्यात सगळं एकाच सुरात लिहिलेलं असे, जणू सगळे दिवस एकाच जातीचे. मी प्रत्येक नोंदीमागे एक खूण लावायला लागले. तारखेनं येणारं ते ‘ता’, तिथीनं येणारं ते ‘ति’ आणि वारानं ठरणारं ते ‘वा’. २००३ च्या यादीतल्या काही ओळी अशा होत्या:

```
ता  ०८१५         स्वातंत्र्यदिन
ता  ०८१५         थोरल्या काकूंचा वाढदिवस
वा  श्रावण सोम    आत्याचा उपास
ति  भाद्रपद शु ४  गणपती
```

‘ता’च्या ओळी वर्षानुवर्षं तशाच राहायच्या. महिना आधी आणि दिवस नंतर, दोन्ही दोन-दोन आकडी लिहिले की यादी आपोआप क्रमानं लागते. तेव्हाच्या मराठी फॉन्टांत अक्षरांवरून क्रम लावणं अशक्य होतं. पडद्यावर ‘ग’ दिसला तरी मशीनच्या लेखी ते कुठलंतरी इंग्रजी चिन्ह असे, आणि तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसता कचरा दिसे. आकडे तेवढे भरवशाचे होते.

‘ति’च्या ओळी मात्र दरवर्षी पंचांग उघडून नव्यानं बसवाव्या लागायच्या. तिथीचा सण पुढच्या वर्षी साधारण अकरा दिवस आधी येतो, आणि अधिक महिना पडला की अठरा-एकोणीस दिवस पुढे जातो. २००३ साली गणपती ३१ ऑगस्टला आले. २००४ साली अधिक श्रावण होता म्हणून ते १८ सप्टेंबरला गेले. जुन्या कॅलेंडरावरून नवं उतरवून काढणाऱ्यांची गाडी इथेच घसरते. वाढदिवस बरोबर येतात आणि सण सगळे चुकतात. आमच्यापैकी एका घरानं ही यादी दरवर्षी उशिरा पाठवली आणि वर तिथ्यांबद्दल तक्रारी केल्या. त्यांना मी तेव्हा काही बोलले नाही, आज लिहिते आहे: तिथीची यादी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर घेताच येत नाही, कारण एक तिथी हलली की तिच्या चौकोनातली बाकीची मांडणीही हलते.

आता चौकोन. महिन्याचे सांगाडे एकूण अठ्ठावीसच असतात. महिना २८, २९, ३० किंवा ३१ दिवसांचा, आणि तो सातांपैकी कुठल्यातरी वारी सुरू होणार. ते अठ्ठावीस कोरे सांगाडे मी एकदाच बनवून ठेवले होते. पुढे दरवर्षी त्यांतले हवे ते बारा उचलायचे. रविवार डावीकडे धरला तर बहुतेक सांगाडे पाच आडव्या ओळींत मावतात. रविवारी सुरू होणारा २८ दिवसांचा फेब्रुवारी चारच ओळी घेतो. तीन सांगाडे मात्र सहावी ओळ मागतात: ३१ दिवसांचा महिना शुक्रवारी किंवा शनिवारी सुरू झाला तर, आणि ३० दिवसांचा शनिवारी सुरू झाला तर.

ऑगस्ट २००३ शुक्रवारी सुरू झाला. पहिल्या ओळीत १ आणि २, मग चार भरलेल्या ओळी, आणि खाली एकटी ३१ तारीख, रविवार. त्या दिवशी गणेश चतुर्थी. म्हणजे वर्षातला आमच्या घरचा सगळ्यात मोठा दिवस नेमका त्या जादा ओळीत.

माझं पान असं होतं. आडवा ए-थ्री, ४२० मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना १४ सोडले की ३९२ उरतात, म्हणजे एका वाराला बरोबर ५६. उंची २९७. वरची पट्टी, महिन्याचं नाव, वारांची ओळ आणि खालचा समास यांत ६७ गेले की चौकोनांना २३० राहतात. पाच ओळींत एक चौकोन ४६ मिलिमीटर उंच होतो. मोठ्या तारखेनं वरचे १४ घेतले तरी खाली ३२ उरतात. मराठी ओळीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे अकरा पॉइंटाच्या ओळीला ५ मिलिमीटर तरी द्यावे लागतात. म्हणजे सहा ओळी मावतात. त्यांतल्या तीन मी छापायची आणि तीन हातानं लिहायला कोऱ्या सोडायची. दुधाचा खाडा, गॅसचा नंबर, परीक्षेची वेळ यांना जागा नसेल तर कॅलेंडर महिन्याभरात नुसती शोभेची वस्तू होतं.

दुकानातला मुख्य ऑपरेटर म्हणाला, २४ आणि ३१ एकाच चौकोनात घाल, सगळे तेच करतात. केलं असतं तर ३१ ला २३ मिलिमीटर मिळाले असते. तारीख लहान केली तरी खाली दोनच ओळी, आणि हातानं लिहायला शून्य. दुसरा एक जुना रिवाज म्हणजे ३१ ला उचलून पहिल्या ओळीतल्या रिकाम्या रविवारी नेऊन ठेवायचं. जागा पूर्ण मिळते, पण डोळा वरून खाली वाचतो. १ ऑगस्टच्या आधी गणपती दिसले असते. मोठ्या काकांनी कच्चं पान पाहिलं आणि ते एकच वाक्य बोलले: “अगं, गणपती महिन्याच्या शेवटी येतायत, ते शेवटीच दिसू देत.”

मग सहा ओळी केल्या. चौकोन ३८ मिलिमीटरांवर आला, सहाऐवजी चारच ओळी. दोन छापील, दोन कोऱ्या. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि थोरल्या काकू या दोनच नोंदी होत्या, त्या बसल्या. श्रावणी सोमवार ४, ११, १८ आणि २५ ला आले, त्यांना शब्द न लिहिता तारखेशेजारी बेलाचं पान काढलं, म्हणजे एक-एक ओळ वाचली. आणि ३१ च्या उजवीकडे सहा रिकामे चौकोन पडले होते, त्यांत १ ते ६ सप्टेंबर भरले. आमचा गणपती पाच दिवसांचा, म्हणजे ४ सप्टेंबरला विसर्जन. आगमनापासून विसर्जनापर्यंत सगळं एका ओळीत, एका पानावर आलं. पाहुणे कधी येणार, मोदक कुणाकडे, आरतीला कोण, हे त्या एका ओळीत लिहिलं गेलं.

त्या सप्टेंबरच्या तारखा करड्या रंगात असाव्यात असं कुणालाही वाटेल. झेरॉक्सवर करडा रंग टिकत नाही. त्याचे ठिपके होतात आणि वाढवताना ते काळे पडतात. म्हणून तारीख निम्म्या मापाची, बारीक अक्षरात आणि वर लहानसा ‘सप्टें’. त्याच कारणानं अगदी बारीक रेघांचा फॉन्टही वर्ज्य. दोनदा झेरॉक्स झालेल्या पानावर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ एकमेकांत मिसळतात. पान बरोबर आहे का ते टेबलावर कळत नाही. भिंतीला लावायचं, चार पावलं मागे जायचं आणि तारखेखालची पहिली ओळ वाचता येते का पाहायचं.

२००६ नंतर दुकान बंद झालं, कॅलेंडर मी घरीच करू लागले. युनिकोड आलं, रंगीत छपाई स्वस्त झाली. त्या वर्षांत नवं काही शिकायला मिळालं नाही. २०१४ चा ऑगस्टही शुक्रवारी सुरू झाला, तेव्हा २००३ चा सांगाडा जसाच्या तसा लागला. आणि २०२५ चाही तोच होता. म्हणूनच मागवलेलं पान पाहून जीव हळहळला. सहावी ओळ केली असती तर ३१ ला गौरी आवाहन, १ ला पूजन, २ ला विसर्जन आणि त्याच ओळीच्या शेवटच्या चौकोनात, शनिवारी ६ तारखेला, अनंत चतुर्दशी. तयार साच्याला यादी कळते, पण यादीतल्या दोन ओळींचा एकमेकींशी काय संबंध आहे ते कळत नाही. गौरींचे तीन दिवस सुटे नसतात आणि दिवाळी एका तारखेची नसते, हे ज्यानं साचा केला त्याच्या घरी कुणी सांगितलंच नसावं.

२०२६ चं कॅलेंडर मी पुन्हा हातात घेतलं आहे. पुतणी बसते शेजारी. तिनं यादी नेटक्या तक्त्यात लावली, मी तिच्यात ता, ति, वा घातले. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मेपासून. त्यामुळे वटपौर्णिमा जूनच्या अखेरीस जाते आणि गणपती १४ सप्टेंबरला. सहावी ओळ दोन महिन्यांना लागेल: मे शुक्रवारी सुरू होतो, ऑगस्ट शनिवारी. मेची ३१ तारीख एकटी खाली येते, तिच्या शेजारचे सहा चौकोन जूनचे. त्यांत शाळा सुरू होण्याआधीची सगळी धावपळ लिहिली जाईल, म्हणून ते छापील मजकुरावाचून कोरे सोडायचे ठरलं. बडोद्याची तिथ्यांची यादी अजून आलेली नाही.