हंस कोणाचा? प्रतिपक्ष्याच्या नजरेतून प्रसंगलेखन

सिद्धार्थ आणि जखमी हंस यांची गोष्ट ठाऊक नसलेला विद्यार्थी आपल्या शाळेत सापडणे कठीण. देवदत्ताचा बाण, बागेत कोसळलेला हंस, सिद्धार्थाने केलेली शुश्रूषा, दोघांचा वाद आणि शेवटी मारणाऱ्यापेक्षा वाचविणाऱ्याचा अधिकार मोठा हा निवाडा, अशी ही कथा लहानपणापासून कानांवर पडलेली असते. इतकी परिचित असल्यामुळेच ‘दृष्टिकोन’ हा कथेचा घटक शिकविण्यास ती सोयीची ठरते. आठवीच्या वर्गात मी दरवर्षी हाच प्रसंग देतो आणि तो देवदत्ताच्या तोंडून लिहावयास सांगतो.

कथा कोण सांगतो आणि प्रसंग कोण पाहतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत. ही व्याख्या मुले चटकन पाठ करतात. मात्र ती पाठ झाली म्हणजे कळली असे नव्हे. हंसाची गोष्ट सिद्धार्थ स्वतः सांगत नाही, तरी निवेदक त्याच्या शेजारी उभा असतो. त्याची खूण क्रियापदांत सापडते. नेहमीच्या कथनात हंस बागेत ‘येऊन’ पडतो आणि देवदत्त धावत ‘येतो’. आता देवदत्ताच्या जागी उभे राहून पाहा. हंस कुंपणापलीकडे ‘जाऊन’ पडला आणि मी धावत ‘गेलो’. घटना तीच, येणे-जाणे बदलताच आपण कोठे उभे आहोत ते कळते. फळ्यावर ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहिली की व्याख्येची गरजच उरत नाही.

लेखनापूर्वी वहीत तीन रकाने आखून घ्यावेत. पहिल्यात प्रसंगातील न बदलणाऱ्या घटना लिहावयाच्या: बाण देवदत्ताचा होता, हंस जिवंत होता, तो सिद्धार्थाला सापडला, वाद झाला, निवाडा सिद्धार्थाच्या बाजूने लागला. दुसऱ्यात देवदत्ताने स्वतः काय पाहिले ते, आणि तिसऱ्यात त्याला काय हवे होते ते. दुसरा रकाना भरताना मुले प्रथमच थबकतात. सिद्धार्थाने बाण उपसला, जखम धुतली, तेव्हा देवदत्त तेथे नव्हता. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट पात्रालाही ठाऊक असेलच असे नाही, हा या पाठाचा गाभा आहे आणि तो या रिकाम्या जागेतून उमगतो.

त्यानंतर पस्तीस मिनिटांत वहीचे एक पान लिहावयाचे. पहिला खर्डा बहुधा असा येतो:

“मी दुष्ट देवदत्त. मी बिचाऱ्या हंसाला बाण मारला. सिद्धार्थांनी हळुवार हातांनी बाण काढला आणि जखम धुतली. मला त्यांचा फार राग आला.”

येथे ‘मी’ हे सर्वनाम देवदत्ताचे आहे. नजर मात्र अजून बागेतच आहे. कोणीही स्वतःची ओळख ‘दुष्ट’ अशी करून देत नाही. ‘बिचारा’ हे विशेषण हंसाची कीव करणाऱ्याचे आहे, नेम साधणाऱ्याचे नव्हे. ‘सिद्धार्थांनी’ हे आदरार्थी बहुवचन आपल्या मनातील आदराचे आहे. बरोबरीच्या भावाविषयी चिडलेला मुलगा असे बोलणार नाही. आणि बाण काढताना तर त्याने पाहिलेलेच नाही. हे चार शब्दप्रयोग मुलांकडूनच अधोरेखित करून घ्यावेत. मग खर्डा पुन्हा लिहिला जातो:

“थवा वळला तेव्हा मी श्वास रोखला. बाण सुटला आणि पुढचा हंस डगमगला. इतक्या उंचावरचा नेम आज पहिल्यांदाच साधला होता! तो कुंपणापलीकडे जाऊन पडला. मी धावत गेलो. पाहतो तर हंस सिद्धार्थाच्या मांडीवर आणि माझा बाण बाजूला गवतात. हंसाची मान हलली, म्हणजे तो मेला नव्हता. ‘माझा आहे तो,’ मी म्हणालो. सिद्धार्थाने वर पाहिलेदेखील नाही. धनुष्य माझे, नेम माझा, मग शिकार त्याची कशी?”

यात देवदत्ताची तरफदारी केलेली नाही; त्याचा युक्तिवाद तेवढा मांडला आहे. शिकार पाडणाऱ्याची, ही त्याची समजूत आहे आणि त्या समजुतीच्या आत त्याचे म्हणणे सुसंगत आहे. बाण काढल्याची गोष्टही तो पाहून नव्हे, तर गवतात पडलेल्या बाणावरून ताडतो.

याच्या उलट टोकाची चूकही होते. एका वर्षी काही मुलांनी बाण चुकून सुटल्याचे लिहिले, तर काहींनी सिद्धार्थानेच हंस पळविल्याचे. असे झाले की पहिला रकाना पुन्हा काढावा. घटना बदलून पात्राला निर्दोष ठरविणे सोपे आहे. त्यात दृष्टिकोन नाही, केवळ दुसरी गोष्ट आहे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबरीत दुर्योधनही स्वतःच्या तोंडून बोलतो. म्हणून कुरुक्षेत्राचा निकाल बदललेला नाही.

काही पालकांना शंका येते, की अशाने मुलांना खलपात्र प्रिय होईल. माझा अनुभव निराळा आहे. देवदत्ताचा हक्क पोकळ असेल तर निवाड्याला निवाडा म्हणण्यात अर्थच राहत नाही. त्याचे म्हणणे पूर्ण ऐकल्यावरच सभेपुढचा प्रश्न खरा होतो: नेम मोठा की जीव? म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत मी मुलांना पुन्हा सभासदांच्या जागी बसवितो आणि देवदत्ताच्या युक्तिवादाला उत्तर देण्यास सांगतो. ‘हिंसा वाईट असते’ एवढे उत्तर तेव्हा पुरत नाही. ‘नेमावर तुझा हक्क आहे, हंसाच्या जिवावर नाही,’ असे काहीतरी त्यांना स्वतः शोधावे लागते.

या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती मी चुकून शिकलो. एका वर्षी चवदार तळ्याचा पाठ झाल्यावर, २० मार्च १९२७ रोजी महाडला पाणी पिणाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांच्या बाजूने लिहा, असे मी सांगून बसलो. मागच्या बाकावरची एक मुलगी कोऱ्या वहीसमोर बसून राहिली. तास संपल्यावर ती म्हणाली, “गुरुजी, ते काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. आमच्या गावात रोज ऐकते.” मला उत्तर सुचले नाही. ज्या मुलाने अपमान सोसला आहे, त्याच्याकडून अपमान करणाऱ्याची भाषा लिहून घेणे हे शिक्षण नव्हे. तेथे दृष्टिकोन बदलायचाच असेल तर लेखणी दुसरीकडे द्यावी: तळ्याकाठी उभे राहून नुसते पाहत राहिलेल्या माणसाकडे. तो का थांबला, त्याने काय पाहिले आणि घरी जाऊन काय सांगितले, हे प्रश्न तितकेच कठीण आहेत.

पुढच्या वर्षी मी तसेच केले. त्या मुलीच्या धाकट्या भावाने दीड पान लिहिले. त्याच्या पाहणाऱ्याने घरी गेल्यावर पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.