क्षयाचे औषध सहा महिने कशासाठी?

प्रतिजैविके जिवाणूच्या अशा भागांवर घाव घालतात जे माणसाच्या पेशीत नसतात किंवा वेगळे असतात. क्षयावरचे आयसोनियाझिड जिवाणूचे मेणचट कवच तयार होऊ देत नाही, तर रिफाम्पिसिन त्याची प्रथिने बनवण्याची प्रक्रिया सुरुवातीलाच रोखते. विषाणूंवर यांचा काहीच परिणाम होत नाही, म्हणून साध्या सर्दीत ती घेणे व्यर्थ.

क्षयाच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे एकत्र दिली जातात, पुढचे चार महिने त्यांतली दोन किंवा तीन. झपाट्याने वाढणारे जंतू सुरुवातीलाच मरतात. काही आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते आणि रुग्णाला बरे झाल्यासारखे वाटते. नेमक्या याच टप्प्यावर अनेक जण गोळ्या सोडतात. पण फुप्फुसात सुस्त पडून असलेले जंतू अजून जिवंत असतात. हे औषध मुख्यतः वाढणाऱ्या जंतूंना मारते, त्यामुळे त्यांना संपवायला वेळ लागतो.

शिवाय कोट्यवधी जंतूंमध्ये जनुकीय बदलामुळे एखाद्या औषधाला दाद न देणारे थोडे जंतू आधीपासूनच असतात. एकच औषध घेतले, किंवा गोळ्या अधूनमधून चुकवल्या, तर बाकीचे मरतात आणि हेच वाढतात. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्ही निकामी ठरली की त्याला बहुऔषध-प्रतिरोधी क्षय म्हणतात. तो खोकल्यातून घरच्यांनाही त्याच रूपात होऊ शकतो. थुंकीच्या तपासणीत रिफाम्पिसिनचा प्रतिरोध काही तासांत कळतो.

इतर संसर्गांत मुदत बरीच कमी, कधी पाच-सात दिवसांचीही असते. ती डॉक्टरच ठरवतात.